`AllowedIPs`: पत्ता किल्लीला बांधणारी ओळ

वायरगार्डची कॉन्फिग फाइल जेमतेम दहा-बारा ओळींची असते. त्यातल्या बहुतेक ओळी वाचताच कळतात: आपला पत्ता, आपली खासगी किल्ली, समोरच्याची जाहीर किल्ली, समोरचं मशीन इंटरनेटवर कुठे भेटेल ते ठिकाण. गोंधळ होतो तो एकाच ओळीपाशी. `AllowedIPs` ही ती ओळ. बरेच जण ती कुठल्या तरी नमुन्यातून जशीच्या तशी उचलतात, टनेल चालू झाला की फाइल बंद करतात आणि पुढे कधीतरी एखादा लॅपटॉप ‘कनेक्टेड’ दिसूनही ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचेना, की पुन्हा त्याच ओळीत आकडे बदलून पाहतात.

या ओळीबद्दलचे दोन समज फार पसरलेले आहेत. पहिला समज असा की कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून जोडणी करायला परवानगी आहे, त्याची ही यादी आहे. मग कोणी तरी कर्मचाऱ्याच्या घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता तिथे लिहून ठेवतं. दुसरा समज जास्त महागात पडतो: या माणसाला आपल्या नेटवर्कमध्ये कुठे-कुठे जाता येईल, ते ही ओळ ठरवते. कर्मचाऱ्याला दिलेल्या फाइलमध्ये एकच सर्व्हर लिहिला, म्हणजे तो बाकी कुठे जाऊ शकणार नाही, असं धरून चालणारी ऑफिसं आहेत. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे आहेत हे कळलं की या ओळीचं खरं काम आपोआप उलगडतं.

वायरगार्ड जेसन डोननफेल्ड यांनी तयार केलं. २०१७ मध्ये त्यांनी त्यावरचा शोधनिबंध मांडला आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ या आवृत्तीत ते सामील झालं. त्या निबंधाच्या मध्यभागी एक साधी कल्पना आहे: टनेलच्या आतला प्रत्येक पत्ता कोणत्या ना कोणत्या जाहीर किल्लीच्या मालकीचा असावा. वायरगार्डच्या भाषेत समोरच्या प्रत्येक मशीनला ‘पीअर’ म्हणतात आणि पीअरची ओळख म्हणजे त्याची जाहीर किल्ली. नाव नाही, पासवर्ड नाही. कोणत्या किल्लीच्या मालकीचे पत्ते कोणते, हे सांगणारी यादी म्हणजे `AllowedIPs`.

इथे ‘आतला पत्ता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वायरगार्ड मूळ पॅकेट कुलूपबंद करून ते एका यूडीपी पॅकेटच्या पोटात घालतं. बाहेरच्या पॅकेटवर इंटरनेटचे पत्ते असतात. लॅपटॉप घरून कॅफेत गेला की ते बदलतात आणि बदलले तरी काही बिघडत नाही. समोरच्या किल्लीने बंद केलेलं खरं पॅकेट नव्या पत्त्यावरून आलं, की वायरगार्ड तो नवा पत्ता लक्षात ठेवतं आणि उत्तर तिकडे पाठवतं. `AllowedIPs` या बाहेरच्या पत्त्यांकडे पाहतसुद्धा नाही. तिचा संबंध फक्त पोटातल्या पॅकेटशी. त्यामुळे घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता तिथे लिहून काहीच साधत नाही; उलट तो पत्ता टनेलच्या आत राहतो, असा चुकीचा दावा मात्र होऊन बसतो.

ही यादी दोन वेळा वाचली जाते. पॅकेट बाहेर जाताना वायरगार्ड त्यावरचा जाण्याचा पत्ता पाहतं, तो कोणत्या पीअरच्या यादीत बसतो ते शोधतं आणि त्या पीअरच्या किल्लीने पॅकेट बंद करून पाठवून देतं. पॅकेट आत येताना काम उलट्या बाजूने होतं. आधी कुलूप उघडतं, म्हणजे पाठवणारा पीअर कोण ते निश्चित कळतं. मग आतल्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा म्हणून जो पत्ता लिहिलाय तो त्याच पीअरच्या यादीत आहे का, हे तपासलं जातं. नसेल तर पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. जाताना ही यादी वाट दाखवते आणि येताना तीच यादी ओळख पटवते. एकाच यादीला ही दोन्ही कामं असल्यामुळे एका बाजूसाठी केलेला बदल दुसऱ्या बाजूलाही लागू होतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यात एका सनदी लेखापालांचं ऑफिस आहे. ऑफिसच्या नेटवर्कचे पत्ते `192.168.50.0/24` या पट्ट्यातले, हिशेबाचा सर्व्हर `192.168.50.10` वर. कोल्हापूरला शाखा आहे, तिथलं नेटवर्क `192.168.70.0/24`. एक कर्मचारी नाशिकहून घरून काम करते. पुण्यात `192.168.50.2` या पत्त्यावर एक छोटं लिनक्स मशीन ठेवलंय. वायरगार्डचं केंद्र तेच, आणि टनेलमधला त्याचा पत्ता `10.8.0.1`. नाशिकच्या लॅपटॉपला `10.8.0.2` आणि कोल्हापूरच्या मशीनला `10.8.0.3` हे पत्ते दिले आहेत. पुण्याच्या फाइलचा आपल्या कामाचा भाग असा:

```
[Peer]
# नाशिकचा लॅपटॉप
PublicKey = <नाशिकची जाहीर किल्ली>
AllowedIPs = 10.8.0.2/32

[Peer]
# कोल्हापूर शाखा
PublicKey = <कोल्हापूरची जाहीर किल्ली>
AllowedIPs = 10.8.0.3/32, 192.168.70.0/24
```

तिरक्या रेघेनंतरचा आकडा पट्टा किती मोठा ते सांगतो. `/32` म्हणजे तो एकच पत्ता, `/24` म्हणजे शेवटचा आकडा कोणताही असलेले २५६ पत्ते. नाशिकच्या लॅपटॉपमागे दुसरं कोणी नाही, म्हणून त्याच्या नावावर एकच पत्ता. कोल्हापूरच्या मशीनमागे मात्र अख्खं ऑफिस आहे. तिथल्या `192.168.70.20` या प्रिंटरकडून येणाऱ्या उत्तरावर पाठवणाऱ्याचा पत्ता प्रिंटरचाच असेल, `10.8.0.3` नसेल. पुण्याने तो पट्टा कोल्हापूरच्या किल्लीला जोडला नसता, तर पुण्याला प्रिंटरकडे पॅकेट कोणत्या किल्लीने पाठवायचं ते कळलं नसतं. आणि प्रिंटरकडून आपणहून काही आलं असतं, तर कुलूप नीट उघडूनही, पत्ता यादीत नाही म्हणून, ते टाकून दिलं गेलं असतं.

लॅपटॉपवरची फाइल याच्या आरशातली प्रतिमा नसते. तिथे एकच पीअर आहे, पुणे. पण पुण्यामागे जे-जे आहे ते सगळं पुण्याच्या किल्लीच्या नावावर लिहावं लागतं:

```
[Peer]
PublicKey = <पुण्याची जाहीर किल्ली>
Endpoint = 203.0.113.10:51820
AllowedIPs = 10.8.0.0/24, 192.168.50.0/24
```

याचा अर्थ: या पट्ट्यांकडे जाणारं सगळं पुण्याच्या किल्लीने बंद करून पाठव, आणि पुण्याकडून आलेल्या पॅकेटवर या पट्ट्यांतलाच पत्ता असेल तरच ते स्वीकार. म्हणूनच पुण्याच्या फाइलमधली ओळ उचलून लॅपटॉपच्या फाइलमध्ये चिकटवली, की काहीच चालत नाही. ही ओळ लिहिताना एकच प्रश्न विचारायचा असतो: या किल्लीच्या पलीकडे कोणते पत्ते राहतात? दोन्ही टोकांना प्रश्न तोच असतो आणि उत्तरं वेगळी येतात.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. पुण्याची फाइल लिहिणाऱ्याने `/32` ऐवजी `/24` लिहिलं. लॅपटॉपसमोर `10.8.0.2/24`, शाखेसमोर `10.8.0.3/24`. मनात हेतू एकाच पत्त्याचा. पण `/24` पाहिल्यावर वायरगार्ड शेवटचा आकडा शून्य करतं, म्हणजे दोन्ही ओळी `10.8.0.0/24` होतात. एक पट्टा एकाच वेळी दोन किल्ल्यांच्या मालकीचा असू शकत नाही. अशा वेळी वायरगार्ड कुठलीही तक्रार न करता तो पट्टा शेवटी सांगितलेल्या पीअरला देऊन टाकतं. फाइलमध्ये कोल्हापूर खाली आहे. पट्टा कोल्हापूरचा झाला. पुण्यात `wg show` दिल्यावर नाशिकसमोर असं दिसतं:

```
peer: <नाशिकची जाहीर किल्ली>
  allowed ips: (none)
  latest handshake: 41 seconds ago
```

या दोन ओळी एकत्र वाचायची सवय लावून घेण्यासारखी आहे. हँडशेक ताजा आहे, म्हणजे किल्ल्या बरोबर आहेत, पोर्ट उघडं आहे, इंटरनेटची वाट मोकळी आहे. आणि तरीही `(none)`, म्हणजे या किल्लीच्या नावावर एकही पत्ता नाही. हँडशेकमध्ये आतलं पॅकेट नसतंच, त्यामुळे तिथे `AllowedIPs` तपासण्याचा प्रश्न येत नाही. लॅपटॉपवर त्यामुळे सगळं जोडलेलं दिसतं. त्याची पॅकेटं पुण्यापर्यंत पोचतात, उघडली जातात, `10.8.0.2` हा पत्ता कोल्हापूरच्या नावावर सापडतो आणि पाठवणारा नाशिक असल्यामुळे पॅकेट रद्द होतं. एवढंच नाही. काही पाठवण्यासारखं नसलं, तरी पुण्याचं मशीन आलेल्या पॅकेटची पोच म्हणून थोड्या वेळाने एक रिकामं पॅकेट परत पाठवतं, आणि लॅपटॉपवरचा ‘मिळाले’ हा आकडा हळूहळू वाढत राहतो. टनेल जिवंत आहे असं वाटायला लावणाऱ्या या सगळ्या खुणा आहेत. त्यामुळे लोक तासन् तास फायरवॉल आणि राउटर तपासत बसतात, आणि दोष मात्र एका तिरक्या रेघेपुढच्या आकड्यात असतो.

अशी पॅकेटं कुठे गळतात ते पकडायचा एक खात्रीचा मार्ग आहे. पुण्यात बाहेरच्या नेटवर्क कार्डावर यूडीपी ५१८२० पोर्टसाठी `tcpdump` लावलं, तर लॅपटॉपची कुलूपबंद पॅकेटं येताना दिसतील. तेच `wg0` वर लावलं, तर काहीच दिसणार नाही, कारण पत्ता तपासून पॅकेट टाकून देण्याचं काम ते `wg0` मधून बाहेर पडण्याच्या आधीच झालेलं असतं. बाहेर हालचाल, आत शांतता आणि हँडशेक ताजा: हे तिन्ही जुळलं की संशय `AllowedIPs` वर घ्यावा. `ip -s link show wg0` मध्ये येणाऱ्या पॅकेटांच्या त्रुटींचा आकडा वाढतानाही दिसतो. कर्नलचा तपशीलवार लॉग चालू केला, तर कारण शब्दांत मिळतं:

```
echo 'module wireguard +p' > /sys/kernel/debug/dynamic_debug/control
dmesg -w
```

त्यात `Packet has unallowed src IP` असं लिहून पत्ता आणि पीअरचा क्रमांक येतो. नाशिकचा `10.8.0.2` तिथे दिसला की शोध संपला.

पट्टे एकमेकांत आले तर प्रत्येक वेळी भांडण होतंच असं नाही, हेही इथेच सांगायला हवं. हुबेहूब सारखे दोन पट्टे चालत नाहीत. पण मोठ्या पट्ट्याच्या आत छोटा पट्टा चालतो. कोल्हापूरच्या नावावर `10.8.0.0/24` आणि नाशिकच्या नावावर `10.8.0.2/32` असेल, तर `10.8.0.2` नाशिकचा आणि उरलेला पट्टा कोल्हापूरचा. जास्त नेमका उल्लेख जिंकतो. इंटरनेटवरचं राउटिंगही याच नियमाने चालतं.

राउटिंगचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गाठ सोडवली पाहिजे, कारण अनुभवी माणसंही तिथे अडखळतात. `AllowedIPs` हे राउट टेबल आहे का? वायरगार्डच्या आत, हो. पण मशीनचं राउट टेबल वेगळंच असतं. पॅकेट निघतं तेव्हा आधी कर्नल स्वतःचं टेबल पाहून ते कोणत्या दारातून पाठवायचं ते ठरवतं: वायफाय, केबल की `wg0`. पॅकेट `wg0` पर्यंत पोचलं, तरच `AllowedIPs` पुढे येते आणि त्या दारामागच्या पीअरपैकी कोणाला द्यायचं ते ठरवते. हे दोन निर्णय वेगवेगळे आहेत आणि एकामागून एक होतात.

दोन निर्णय एकच वाटतात ते `wg-quick` या सोयीच्या स्क्रिप्टमुळे. ती फाइल वाचते, `AllowedIPs` मधले पट्टे वायरगार्डला सांगते आणि गरज असेल तिथे कर्नलच्या टेबलातही त्यांची नोंद करते. मोबाइलवरची आणि विंडोजवरची ॲप्सही तेच करतात. पण चालू टनेलमध्ये थेट `wg set` ने बदल केला, तर फक्त वायरगार्डची यादी बदलते, कर्नलचं टेबल जुनंच राहतं. पुण्यात कोणी कोल्हापूरचा पट्टा या मार्गाने नंतर जोडला, तर `wg show` मध्ये तो व्यवस्थित दिसेल आणि तरी `192.168.70.20` कडे निघालेली पॅकेटं टनेलऐवजी ब्रॉडबँडच्या राउटरकडे जातील. `wg set` बद्दल आणखी एक सावधगिरी: त्यात दिलेली `allowed-ips` ची यादी जुन्या यादीत भर घालत नाही, तिची जागा घेते. नवा पट्टा जोडताना जुने पट्टेही पुन्हा लिहावे लागतात.

यातला कोणता निर्णय चुकला ते ओळखणं सोपं आहे, कारण दोन्ही चुका वेगळ्या बोलतात. पुण्यात `ip route get 192.168.70.20` विचारलं आणि उत्तरात `dev wg0` आलं नाही, तर चूक कर्नलच्या टेबलात आहे. उलट `dev wg0` आलं, पण पिंग केल्यावर `Required key not available` असा संदेश मिळाला, तर पॅकेट वायरगार्डच्या दारापर्यंत पोचलंय आणि तो पत्ता कोणत्याही किल्लीच्या नावावर नाही. हा संदेश अनेकांना किल्ल्यांचा घोटाळा वाटतो आणि ते नव्या किल्ल्या तयार करायला घेतात. किल्ल्यांना काहीही झालेलं नसतं. आणि `Destination address required` असं आलं, तर पीअर सापडलाय, पण तो इंटरनेटवर सध्या कुठे आहे ते माहीत नाही. तो पीअर आपणहून एकदा बोलला किंवा फाइलमध्ये `Endpoint` लिहिला, की हे सुटतं.

लॅपटॉपवर सगळंच इंटरनेट टनेलमधून न्यायचं असतं तेव्हा लोक `AllowedIPs = 0.0.0.0/0` लिहितात. प्रश्न तोच ठेवून वाचलं तर अर्थ सरळ आहे: पुण्याच्या किल्लीच्या पलीकडे सगळे पत्ते राहतात. आत येताना कोणत्याही पत्त्यावरून आलेलं उत्तर पुण्याकडून चालेल. ते चाललंच पाहिजे, कारण उत्तरं जगातल्या कुठल्याही वेबसाइटकडून येणार. पण यात एक पेच आहे. पुण्याचं बाहेरचं ठिकाणही ‘सगळ्या पत्त्यां’मध्ये मोडतं, मग पुण्याकडे निघालेलं कुलूपबंद पॅकेटही पुन्हा टनेलमध्ये शिरेल आणि गोल-गोल फिरत राहील. `wg-quick` यावर एक युक्ती करते: वायरगार्डच्या स्वतःच्या पॅकेटांवर खूण करते, टनेलची वाट वेगळ्या टेबलात ठेवते आणि खूण नसलेल्या पॅकेटांनाच त्या टेबलाकडे पाठवते.

`0.0.0.0/0` मध्ये फक्त आयपीव्ही४ चे पत्ते येतात, हे मात्र सहज निसटतं. आयपीव्ही६ साठी `::/0` वेगळं लिहावं लागतं. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरात आहे, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून फक्त `0.0.0.0/0` लिहिणाऱ्याचा बराच प्रवास टनेलच्या बाहेरून होऊ शकतो आणि त्याला ते कळतही नाही. विंडोजच्या ॲपमध्ये याच ओळीवर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. फाइलमध्ये एकच पीअर असेल आणि त्याच्यासमोर `0.0.0.0/0` किंवा `::/0` असेल, तर ते ॲप टनेलच्या बाहेरून जाणारी वाहतूक अडवतं. तोच सगळा पट्टा `0.0.0.0/1` आणि `128.0.0.0/1` असा दोन अर्ध्यांत लिहिला, तर वाट तीच राहते, पण ती अडवणूक लागू होत नाही. घरच्या प्रिंटरपर्यंत पोचता यावं म्हणून काही जण हे मुद्दाम करतात. नमुन्यातून उचलून नकळत करणाऱ्यांना आपण नेमकं काय बंद केलं याची कल्पना नसते.

आता दुसऱ्या, महागड्या समजाकडे. नाशिकच्या फाइलमध्ये कोल्हापूरचं नेटवर्क लिहिलेलं नाही. तिने तिकडे जाऊ नये असं ऑफिसला वाटतं आणि फाइलमध्ये नाही म्हणून ती जाऊ शकत नाही, असं ऑफिस समजून आहे. पण ती फाइल तिच्या लॅपटॉपवर आहे. ॲप उघडून तिने `AllowedIPs` मध्ये `192.168.70.0/24` जोडलं की तिच्या मशीनपुरती वाट तयार झाली. पॅकेट पुण्यात पोचतं. पुणे फक्त एवढंच तपासतं की पाठवणाऱ्याचा पत्ता `10.8.0.2` आहे का. तो आहे. पॅकेट कुठे निघालंय याच्याशी त्या तपासणीचा संबंध नाही. शाखांना जोडायचं म्हणून पुण्याच्या मशीनवर पॅकेट पुढे पाठवणं आधीच चालू आहे, त्यामुळे कर्नल ते पुन्हा `wg0` कडे देतो, वायरगार्डला `192.168.70.20` कोल्हापूरच्या नावावर सापडतो आणि पॅकेट पुढे जातं.

कोल्हापूरला त्याची पुन्हा तपासणी होते. तिथल्या फाइलमध्ये पुण्याच्या किल्लीसमोर `10.8.0.0/24` लिहिलं असेल, तर नाशिकचा पत्ता त्यात बसतो आणि पॅकेट शाखेच्या नेटवर्कमध्ये उतरतं. तिथे `10.8.0.1/32` आणि `192.168.50.0/24` एवढंच असतं, तर पॅकेट तिथे पडलं असतं. म्हणजे `AllowedIPs` अडवू शकते, पण घेणाऱ्याच्या टोकाला आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरूनच. ‘नाशिकला प्रिंटर दिसू दे, पण फाइलींचा सर्व्हर नको’ किंवा ‘वेबचं पोर्ट चालेल, बाकी बंद’ असलं काही तिला सांगताच येत नाही. पोर्ट म्हणजे काय हे तिला ठाऊकच नसतं.

हे काम फायरवॉलचं आहे, आणि ते पुण्याच्या मशीनवर व्हायला हवं, जिथे कर्मचाऱ्याचा हात पोचत नाही:

```
iptables -A FORWARD -m conntrack --ctstate ESTABLISHED,RELATED -j ACCEPT
iptables -A FORWARD -i wg0 -s 10.8.0.2 -d 192.168.50.10 -p tcp --dport 443 -j ACCEPT
iptables -A FORWARD -i wg0 -s 10.8.0.2 -j DROP
```

पहिली ओळ आधीच सुरू झालेल्या संवादाची उत्तरं जाऊ देते, दुसरी नाशिकला हिशेबाच्या सर्व्हरचं एक पोर्ट उघडते, तिसरी तिच्या बाकीच्या वाटा बंद करते. ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि यादीत आधीपासून ढिले नियम असतील तर त्यांच्याखाली जोडलेल्या या ओळींना अर्थ उरत नाही. पुण्याच्या मशीनवरच चालणाऱ्या सेवांसाठी, म्हणजे त्याचं स्वतःचं `ssh` वगैरे, `INPUT` साखळीत वेगळे नियम लागतात.

इथेच `AllowedIPs` चा खरा उपयोग दिसतो. साध्या नेटवर्कवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर विसंबून नियम लिहिणं धोक्याचं असतं, कारण तो पत्ता कोणीही बदलून लिहू शकतो. वर मात्र `-i wg0` सोबत `-s 10.8.0.2` असं लिहिलंय. `wg0` मधून `10.8.0.2` हा पत्ता घेऊन बाहेर पडलेलं पॅकेट नाशिकच्या किल्लीने बंद केलेलंच असणार, नाहीतर ते आधीच टाकून दिलं गेलं असतं. कोल्हापूरच्या मशीनवर कोणी नाशिकचा पत्ता लावून पाहिला तरी तो इथवर येत नाही. पत्ता किल्लीला बांधला गेल्यामुळे फायरवॉलमधली एक साधी ओळ भरवशाची होते. पण त्यासाठी पुण्याच्या यादीत प्रत्येक लॅपटॉपसमोर `/32` हवं. तिथे `/24` ठेवलं, तर त्या किल्लीला २५६ पत्त्यांपैकी दुसऱ्या कोणाच्या नावावर नसलेला कुठलाही पत्ता लावून बोलता येतं, आणि एका पत्त्यासाठी लिहिलेला अडवण्याचा नियम तिला लागू होत नाही.

या बांधणीलाही मर्यादा आहे. किल्ली लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये असते. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली तर पत्ताही तिच्याबरोबर जातो. लॅपटॉपने घरातली इतर यंत्रं स्वतःच्या पत्त्यामागे लपवून पुढे पाठवली, तर पुण्याला ती सगळी `10.8.0.2` च दिसतात. पुण्याच्या मशीनने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये पॅकेट सोडताना त्यावर स्वतःचा पत्ता चढवला, जे मास्करेड या नावाने बऱ्याच नमुन्यांत आढळतं, तर हिशेबाच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळे जण `192.168.50.2` होतात आणि कोण आलं होतं ते नंतर सांगता येत नाही. ऑफिसच्या राउटरवर `10.8.0.0/24` साठी `192.168.50.2` कडची वाट एकदा लिहून ठेवली, तर मास्करेडची गरज राहत नाही आणि सर्व्हरला खरे पत्ते दिसतात.

नाशिकच्या कर्मचारीने नोकरी सोडली, तर तिच्या लॅपटॉपवरची फाइल काढून घेण्याची धडपड करावी लागत नाही. पुण्यात `wg set wg0 peer <नाशिकची जाहीर किल्ली> remove` दिलं की त्या क्षणापासून तिची किल्ली अनोळखी होते, हँडशेकही होत नाही. त्याच वेळी फाइलमधला तिचा भागही काढायला हवा, नाहीतर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ती परत येते. आणि `10.8.0.2` हा पत्ता नव्या कर्मचाऱ्याला देण्याआधी फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी उघडलेली पोर्टं एकदा पाहून घ्यावी लागतात, कारण ते नियम पत्त्याच्या नावावर आहेत. किल्ली बदलली तरी ते तसेच राहतात.